पिसूनही न मोडणारा कॅट: गिल्ब्रेथची जादू, करायची कशी आणि चालते का

लावून ठेवलेला कॅट समोरच्या माणसाने स्वतःच्या हाताने पिसला की लावलेलं सगळं मोडलं, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण पिसायची एक पद्धत अशी आहे की तिच्यात क्रम मोडतो आणि तरी एक गोष्ट शाबूत राहते. ती शाबूत राहणार हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं, पिसणाऱ्याला माहीत नसतं. या जादूत एवढंच गुपित आहे.

हे तत्त्व नॉर्मन गिल्ब्रेथ या अमेरिकी गणिती आणि हौशी जादूगाराचं. १९५८ साली त्याने ते ‘द लिंकिंग रिंग’ या जादूगारांच्या मासिकात मांडलं. तेव्हा ते फक्त लाल-काळ्या पत्त्यांपुरतं होतं. १९६६ साली त्यानेच ते कोणत्याही फिरत्या क्रमाला लागू करून दाखवलं. मूळ संख्यांबद्दलचं एक अजून न सुटलेलं अनुमानही याच माणसाच्या नावावर आहे. इथे आपण त्याचं दुसरं, मोठं तत्त्व घेऊ, कारण एकाच कॅटमधून तीन वेगवेगळे चमत्कार त्यातूनच निघतात. हातचलाखी अजिबात लागत नाही. लागते ती कॅट लावण्याची चिकाटी आणि एका जागी थोडी सावधगिरी.

कॅट असा लावा

जोकर आणि कंपनीच्या जाहिरातीची पानं बाजूला काढा. बरोबर ५२ पत्ते पाहिजेत. एकही कमी-जास्त चालत नाही.

दोन क्रम लक्षात ठेवायचे आहेत. पहिला चिन्हांचा: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट आणि पुन्हा इस्पिक. यात काळा, लाल, काळा, लाल असे रंगही आपोआप आलटून-पालटून येतात. दुसरा क्रम किमतींचा: एक्का, ४, ७, १०, राजा, ३, ६, ९, राणी, २, ५, ८, गुलाम आणि पुन्हा एक्का. प्रत्येक वेळी तीन पुढे जायचं. गुलाम ११, राणी १२, राजा १३ आणि तेरानंतर परत एक, असं धरलं की हा क्रम पाठ करावा लागत नाही. तीन-तीनच्या उडीने किंमती लावायची युक्ती जादूगारांमध्ये साय स्टेबिन्स या नावाने ओळखली जाते. तेरा किंमती सरळ क्रमानेही लावता येतील, पण मग कोणी पत्ते उलटून पाहिले तर एका नजरेत पकडलं जाल.

आता दोन्ही क्रम एकदम चालवा. सगळ्यात वर इस्पिक एक्का, त्याखाली बदाम ४, मग किलवर ७, चौकट १०, इस्पिक राजा, बदाम ३, किलवर ६, चौकट ९, इस्पिक राणी, बदाम २, किलवर ५, चौकट ८, इस्पिक गुलाम. तेरा झाले. चौदावा पुन्हा एक्का, पण चिन्ह आता बदाम. अशा चार फेऱ्या झाल्या की सगळे ५२ पत्ते एकेकदाच बसतात आणि शेवटी चौकट गुलाम येतो. चौकटनंतर इस्पिक आणि गुलामानंतर एक्का, म्हणजे शेवट परत सुरुवातीला जोडला जातो. हे महत्त्वाचं आहे. त्यामुळे तुम्ही कॅट कितीही वेळा काटला, म्हणजे वरचा गठ्ठा उचलून खाली ठेवला, तरी क्रम फक्त वेगळ्या जागेवरून सुरू होतो, बिघडत नाही.

लोकांसमोर काय करायचं

कॅट पालथा टेबलावर ठेवा आणि दोघा-तिघांना एकेकदा काटायला सांगा. ते मनापासून काटतील, करू द्या. मग कोणा एकाच्या हातात कॅट देऊन सांगा, “काका, अंदाजे निम्मे पत्ते एक-एक करून टेबलावर टाका. नेमके किती ते तुम्ही ठरवा, मला सांगू नका.” पत्ते पालथेच टाकायचे, एकावर एक. वीस टाकले तरी चालेल, तीस टाकले तरी चालेल.

सगळी सावधगिरी इथेच लागते. एक-एक करून टाकल्यामुळे टेबलावरच्या गड्डीचा क्रम उलटा होतो. आधी वर असलेलं पान आता तळाला गेलं. बघणाऱ्याला हे नुसतं मोजणं वाटतं, पण हा उलटा क्रम झाला नाही तर पुढचं काहीच होणार नाही.

आता दोन गड्ड्या झाल्या, एक टेबलावरची आणि एक हातात उरलेली. त्या एकमेकांत मिसळायच्या. ज्याला कॅसिनोसारखं अंगठ्याने कडा उचलून फर्रकन सोडता येतं त्याने तसं करावं. आपल्याकडे बहुतेकांना ते येत नाही. आपण हातातल्या हातात, वरचे थोडे-थोडे पत्ते ओढून खाली सोडत पिसतो. जगभरचे जादूगार या पद्धतीला ‘हिंदू शफल’ म्हणतात, आणि नेमकी तीच इथे चालत नाही, कारण तिच्यात गठ्ठ्यांच्या जागा बदलतात. म्हणून “पिसा” असं मोघम सांगू नका. दोन गड्ड्या आखूड बाजूंनी समोरासमोर धरायला लावा, टोकं एकमेकांत घुसवायला सांगा आणि मग ढकलून सारख्या करायला सांगा. ओबडधोबड झालं तरी हरकत नाही. एका जागी दहा पत्त्यांचा जाड थर तसाच राहिला आणि दुसऱ्या जागी एक-एक घुसला, तरी चालतं. अट एकच: प्रत्येक गड्डीतल्या पत्त्यांचा आपापसातला वर-खाली क्रम बदलता कामा नये. या पद्धतीने तो बदलतच नाही.

लहान मुलांकडून करून घ्यायचं असेल तर आणखी सोपी वाट आहे. दोन्ही गड्ड्या पालथ्या समोर ठेवा आणि वाटेल त्या गड्डीच्या वरून एक-एक पान उचलून तिसरी गड्डी रचायला सांगा. डावीकडून चार, मग उजवीकडून एक, मग परत डावीकडून, मनाला येईल तसं. गणिताच्या नजरेतून हे मिसळण्यासारखंच आहे. फक्त एका वेळी एकच पान उचलायचं. कधी एक आणि कधी तिघांचा जुडगा, असं केलं तर क्रम बिघडतो.

मिसळल्यावर कॅट तुमच्या हातात घ्या. यानंतर कोणालाही काटू देऊ नका.

आता कॅट टेबलाखाली किंवा रुमालाखाली धरा आणि बोटांनी रंग कळतो अशी बतावणी करा. वरचे दोन पत्ते बाहेर काढून उलटे करा: एक लाल, एक काळा. पुढचे दोन, पुन्हा एक लाल, एक काळा. अशा चार जोड्या काढा. आठ पत्ते झाले. यापेक्षा जास्त जोड्या काढू नका, लोकांच्या लक्षात साचा येतो आणि गंमत थंड होते.

मग म्हणा की रंग सोपे असतात, आता चिन्हं ओळखतो. पुढचे चार पत्ते बाहेर: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट, कुठल्याही क्रमाने पण चारही वेगवेगळे. असे चार वेळा. हे सोळा पत्ते झाले, आधीचे आठ धरून चोवीस. आणखी एक लाल-काळी जोडी काढा, म्हणजे बरोबर सव्वीस होतात. ही जोडी विसरू नका. पुढचा भाग सव्विसाव्या पत्त्यानंतरच सुरू व्हायला हवा.

हातात आता सव्वीस पत्ते उरले. वरचे तेरा एकाला द्या, खालचे तेरा दुसऱ्याला. दोघांना आपापले पत्ते चढत्या क्रमाने लावायला सांगा. दोघांकडेही एक्क्यापासून राजापर्यंत पूर्ण संच निघतो, एकही किंमत दोनदा नाही, एकही गायब नाही. माझ्या मते खरा परिणाम याच टप्प्याचा आहे, कारण इथे तुम्ही पत्त्यांना हातही लावत नाही. ज्याने पिसलं त्यालाच वरचे तेरा द्या.

बारा पत्त्यांवर करून बघू

कागदावर किंवा टेबलावर हे एकदा हळू करून बघितलं की का चालतं ते कळायला सोपं जातं. वरच्या क्रमातले पहिले बारा पत्ते घ्या आणि त्यांना १ ते १२ जागा द्या:

१ इस्पिक एक्का, २ बदाम ४, ३ किलवर ७, ४ चौकट १०, ५ इस्पिक राजा, ६ बदाम ३, ७ किलवर ६, ८ चौकट ९, ९ इस्पिक राणी, १० बदाम २, ११ किलवर ५, १२ चौकट ८.

पाच पत्ते एक-एक करून टेबलावर टाका. टेबलावरची गड्डी वरून खाली आता ५, ४, ३, २, १ अशी आहे. हातात वरून खाली ६, ७, ८, ९, १०, ११, १२. दोन्ही मिसळल्या आणि समजा वरून खाली असं झालं:

६, ५, ४, ७ | ८, ९, ३, १० | ११, २, १, १२

पहिली चौकडी: बदाम ३, इस्पिक राजा, चौकट १०, किलवर ६. दुसरी: चौकट ९, इस्पिक राणी, किलवर ७, बदाम २. तिसरी: किलवर ५, बदाम ४, इस्पिक एक्का, चौकट ८. तिन्हींत चारही चिन्हं आहेत. क्रम पूर्ण विस्कटला, चौकड्या मात्र टिकल्या.

असं का होतं

पहिली चौकडी पुन्हा बघा: ६, ५, ४, ७. क्रमाने लावली तर ४, ५, ६, ७, म्हणजे मूळ क्रमातले सलग चार पत्ते. वरचे आठ घ्या: ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०. पुन्हा सलग. हा योगायोग नाही. एका गड्डीचं वरचं पान ५ आहे आणि ती खाली ४, ३, २ अशी उतरत जाते. दुसरीचं वरचं पान ६ आहे आणि ती ७, ८, ९ अशी चढत जाते. मिसळताना वरून पुढचं पान एकतर उतरत्या गड्डीतून येणार किंवा चढत्या गड्डीतून. म्हणजे आतापर्यंत आलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याला पुढचं पान एकतर डाव्या टोकाला जोडलं जातं किंवा उजव्या. मधे भोक पडायला जागाच नाही. म्हणून मिसळलेल्या कॅटचे वरचे कितीही पत्ते घ्या, ते मूळ क्रमातला एक सलग तुकडा असतात.

एवढं पटलं की उरलेलं वजाबाकीचं काम आहे. चिन्हं चाराच्या चक्रात फिरतात, त्यामुळे मूळ क्रमात कुठूनही सलग चार पत्ते उचलले तर चारही चिन्हं एकेकदा मिळतात. सलग आठ उचलले तर प्रत्येक चिन्ह दोनदा मिळतं. मिसळलेल्या कॅटचे वरचे आठ पत्ते सलग तुकडा असल्यामुळे त्यांत प्रत्येक चिन्ह दोनदा आहे. त्यातली पहिली चौकडी काढून टाकली, तीही सलग होती आणि तिच्यात प्रत्येक चिन्ह एकदा होतं. मग दुसऱ्या चौकडीत प्रत्येक चिन्ह एकदाच उरणार. दुसरी चौकडी स्वतः सलग नाही, वरच्या उदाहरणात ती ८, ९, ३, १० आहे, तरी चिन्हांचा हिशोब जुळतोच. बारा पत्त्यांतून आठ वजा केले की तिसरी चौकडी, आणि पुढे तसंच.

चाराच्या जागी दोन ठेवा, लाल-काळ्या जोड्यांचं कारण मिळतं. तेरा ठेवा, एक्का-ते-राजा संचाचं कारण मिळतं. आपला कॅट तिन्ही चक्रांत एकाच वेळी फिरतो, म्हणून तिन्ही चमत्कार एकाच वेळी टिकून असतात. कुठला कुठे दाखवायचा एवढंच आपण ठरवतो. जोड्या दोनाच्या पटीइतके पत्ते गेल्यावर, चौकड्या चाराच्या पटीइतके गेल्यावर आणि संच तेराच्या पटीइतके गेल्यावर सुरू करायचे. आठ, चोवीस आणि सव्वीस हे आकडे तिथूनच आले. तिसरी गड्डी रचायच्या पद्धतीत पहिलं उचललेलं पान तळाला जातं, म्हणजे हिशोब खालून लागतो. पण ५२ ला दोन, चार आणि तेरा या तिन्हींनी पूर्ण भाग जातो, त्यामुळे वरून मोजलं तरी गट तेच पडतात.

क्रम उलटा करणं का हवं, तेही आता दिसतं. पाच पत्ते टाकण्याऐवजी नुसते काटून उचलले असते तर एक गड्डी १, २, ३, ४, ५ आणि दुसरी ६, ७, ८ अशी, दोन्ही चढत्या. एक-एक मिसळल्या तर वर येतील ६, १, ७, २: बदाम, इस्पिक, किलवर, बदाम. चौकट नाही, बदाम दोनदा. लाल-काळ्याच्या साध्या प्रकारात मात्र नुसतं काटूनही भागतं, कारण लाल-काळा क्रम उलटा वाचला तरी लाल-काळाच असतो. फक्त दोन्ही गड्ड्यांची तळाची पानं वेगवेगळ्या रंगांची असली पाहिजेत. ती एकाच रंगाची निघाली तर मिसळल्यावर वरचं एक पान तळाला घालायचं, जोड्या जुळतात.

पिसण्याने किती वेगवेगळे क्रम तयार होऊ शकतात हे मोजणंही याच पट्ट्यावरून जमतं. मिसळलेला कॅट तळापासून वाचा. तळाचं पान पूर्ण पट्ट्याच्या डाव्या किंवा उजव्या टोकाचं असणार, म्हणजे मूळ पहिलं किंवा मूळ शेवटचं. ते काढल्यावर त्याच्या वरचं पान पुन्हा उरलेल्या पट्ट्याच्या कुठल्यातरी टोकाचं. दर वेळी दोन पर्याय, असं एक्कावन्न वेळा. म्हणजे २ चा ५१ वा घात, सुमारे २,२५० लाख कोटी क्रम. समोरच्याला आपण कॅट पार घुसळून टाकला असं वाटतं ते खोटं नाही. पण ५२ पत्त्यांच्या एकूण क्रमांचा आकडा ६८ अंकी आहे. त्यापुढे हे काहीच नाही.

बिघडलं तर कसं ओळखायचं

दोनदा मिसळलं तर जादू संपली. पहिल्या मिसळण्यानंतर सलग तुकड्याचा नियम फक्त वरून किंवा खालून मोजायला लागू असतो. पुन्हा दोन भाग करून मिसळले की तो राहत नाही. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं की ५२ पत्ते नीट मिसळायला अशा पद्धतीने साधारण सात वेळा पिसावं लागतं. एकदा पिसून पत्ते पुरते मिसळले ही लोकांची समजूत आपल्या कामी येते, पण “अजून एकदा” म्हणणारा एखादा असतोच. म्हणून मिसळल्याबरोबर कॅट हातात घ्या आणि बोलत राहा.

मिसळल्यावर कोणी हट्टाने काटलंच तर वाचायची एक सोय आहे. कॅट सारखा करताना तळाचं पान डोळ्यांखालून घालून ठेवा. नंतर “जोकर राहिला नाही ना?” म्हणत पत्ते पसरून बघा, ते पान शोधा आणि त्याच जागी काटून ते पुन्हा तळाला आणा. कॅट होता तसा झाला.

टेबलाखाली हात घालण्याआधी पत्ते पसरून एक झटपट तपासणीही करता येते. सगळं बरोबर असेल तर एकाच रंगाची तीन पानं सलग कधीच दिसत नाहीत, कारण प्रत्येक जोडीत दोन्ही रंग आहेत. तीन लाल किंवा तीन काळी एकत्र दिसली की कुठेतरी बिघडलं आहे. तशी ती दिसली नाहीत म्हणून सगळं बरोबरच आहे असं नाही. (हीच गोष्ट तीक्ष्ण नजरेच्या माणसालाही दिसू शकते, म्हणून पत्ते फार वेळ उघडे ठेवू नका. मिसळण्याआधी तर मुळीच नको, तेव्हा लाल-काळा आलटून-पालटून स्वच्छ दिसतो.)

सरावात चुकलं तर चुकीचा प्रकार बघा. एका चौकडीत बदाम दोन आणि किलवर नाही, लगेच पुढच्यात किलवर दोन आणि बदाम नाही, आणि नंतर सगळं ठीक: म्हणजे टाकताना दोन पत्ते चिकटून एकदम पडले, किंवा कॅट लावताना दोन शेजारी पानांची अदलाबदल झाली. नव्या गुळगुळीत किंवा पावसाळ्यात दमट झालेल्या पत्त्यांत हे नेहमीचं आहे, त्यामुळे टाकायला सांगण्याआधी कॅट एकदा पंख्यासारखा पसरून मोकळा करा. याउलट एका ठिकाणापासून पुढे अधूनमधून गडबड येतच राहिली आणि शेवटपर्यंत सावरली नाही, तर पत्ता कमी आहे किंवा जोकर आत राहिला आहे. तेव्हा पुन्हा लावत बसण्याआधी पत्ते मोजा.